एक नेवासा, सहा वाटा: गूढ शब्दकोड्यातलं शोधसूत्र कसं फोडायचं?

समजा, पेपरातल्या शब्दकोड्यात असं शोधसूत्र आलं: 'प्रवराकाठचा तालुका (३)'. अहिल्यानगर जिल्ह्यातला कुणीही पेन काढेल आणि तिथेच अडकेल. अकोले? तीन अक्षरं, प्रवरेकाठी. राहुरी? तीन अक्षरं, प्रवरा तालुक्यातून जाते. राहाता? लोणी आणि कोल्हार याच तालुक्यात, म्हणजे तोही बसतो. आणि नेवासा तर प्रवरेच्या काठावरच आहे. चार उत्तरं आणि चारही बरोबर. आता एखादा उभा शब्द सुटून त्यातलं एक अक्षर मिळेपर्यंत थांबायचं, दुसरा मार्ग नाही.

मराठी दैनिकांत रोज येणारी कोडी बहुतेक अशीच असतात. शोधसूत्रात अर्थ दिलेला असतो, तुम्ही शब्द ओळखायचा. शब्द आठवला तर आठवला.

आता हेच शोधसूत्र असं वाचा:

प्रामाणिक माणसाने उलट्या पावली गाठलेला प्रवराकाठचा तालुका (३)

याचं उत्तर एकच आहे, नेवासा. तेही उभ्या-आडव्या अक्षरांची मदत न घेता, पुराव्यासकट. हे आहे गूढ शब्दकोड्यातलं शोधसूत्र. इंग्रजीत याला क्रिप्टिक म्हणतात. ते पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं की कोडं रचणाऱ्याला काहीतरी झालंय. पण त्याची रचना ठरलेली असते, आणि ती कळली की प्रत्येक ओळ फोडता येते.

## एका ओळीत दोन शोधसूत्रं

गूढ शोधसूत्रात उत्तराकडे जायच्या दोन वाटा असतात. एक सरळ अर्थाची, म्हणजे व्याख्या. दुसरी अक्षरांच्या खेळाची. व्याख्या ओळीच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असते, मध्ये कधीच नाही. उरलेल्या भागात खेळ असतो, आणि तो कोणता खेळ आहे हे सांगणारा एखादा शब्दही असतो. त्याला आपण इथे 'खूण' म्हणू.

वरच्या ओळीत व्याख्या शेवटी आहे: 'प्रवराकाठचा तालुका'. खूण आहे 'उलट्या पावली'. आणि कच्चा माल आहे 'प्रामाणिक माणसाने'. चोराच्या उलट कोण? साव. प्रामाणिक माणसाने म्हणजे सावाने. सा-वा-ने उलटं वाचा: ने-वा-सा. 'गाठलेला' हा शब्द फक्त दोन भाग जोडतो.

ओळ वाचताना डोळ्यांसमोर एक गरीब बिचारा सज्जन माणूस पाठमोरा चालत एसटी स्टँडवर येताना दिसतो. ते चित्र मुद्दाम काढलेलं असतं, तुम्हाला चकवण्यासाठी. नवशिक्याची पहिली चूक हीच होते, तो त्या चित्रात रमतो. सोडवायला बसलात की वाक्याचा अर्थ विसरायचा आणि शब्द सुटे करून बघायचे.

## मराठीत एकक 'अक्षर' आहे

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करू. इंग्रजीत चौकटीतल्या एका घरात एक लेटर बसतं. त्यामुळे 'लिसन' या शब्दाची सहा लेटर्स फिरवली की 'सायलेंट' तयार होतो. देवनागरीत लिहिल्यावर या दोन शब्दांत काहीच साम्य दिसत नाही, कारण आपलं एकक वेगळं आहे. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, त्याच्या काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर.

कंसातला आकडा त्यावरून मोजायचा. अहमदनगर म्हणजे अ-ह-म-द-न-ग-र, सात घरं. अहिल्यानगर म्हणजे अ-हि-ल्या-न-ग-र, सहा घरं. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा कोडं रचणाऱ्यांच्या दृष्टीने एक घर कमी झालं, हे बहुधा कुणाच्या लक्षात आलं नसेल.

काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्या असल्याने मराठी कोड्यात फेरफार कमी होतात, पण जे होतात ते स्वच्छ दिसतात. नेवासाची तीन अक्षरं फक्त सहा प्रकारे मांडता येतात: नेवासा, नेसावा, वानेसा, वासाने, सानेवा, सावाने. त्यातले चार शब्द चक्क अर्थपूर्ण आहेत (शालू 'नेसावा' धरून). एका तालुक्याच्या नावात एवढा माल सापडणं ही कोडेवाल्यासाठी लॉटरीच. म्हणून बाकीचे प्रकारही याच नावावर बघू.

## घुसळण

ज्ञानेश्वरीचे गाव वासाने अस्वस्थ (३)

इथे व्याख्या सुरुवातीला आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. 'अस्वस्थ' ही खूण सांगते की शेजारच्या शब्दातली अक्षरं जागेवर नाहीत, ती हलवा. वा-सा-ने हलवलं की ने-वा-सा.

इंग्रजीत याला अॅनाग्रॅम म्हणतात. खुणेचे शब्द कोणते असू शकतात? गोंधळून, विस्कटून, अस्ताव्यस्त, घुसळून, बिघडलेले, नव्याने रचलेले, झिंगलेले. पत्त्यांसारखं 'पिसून'सुद्धा चालेल. गडबड किंवा हालचाल सुचवणारा शब्द दिसला की शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजा. ती कंसातल्या आकड्याइतकी भरली तर संशय बळावतो.

इथे एक नियम महत्त्वाचा आहे. घुसळायची अक्षरं शोधसूत्रात जशीच्या तशी छापलेली असली पाहिजेत. 'दुर्गंधीने अस्वस्थ' असं लिहून तुम्ही आधी 'वासाने' ओळखा, मग ते हलवा, ही दुहेरी कसरत अन्याय्य मानली जाते. मघाच्या उलट्या शोधसूत्रात मात्र 'प्रामाणिक माणसाने' हा समानार्थी चालला, कारण उलटं वाचण्याची पद्धत एकच असते. घुसळण कशीही होऊ शकते.

## लपाछपी

पाने वा साल यांत दडलेला प्रवराकाठचा तालुका (३)

नवशिक्यासाठी हा सगळ्यात सोपा प्रकार, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त निसटणारा. उत्तर डोळ्यांसमोर छापलेलं असतं, फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागांनी ते तोडलेलं असतं. पाने वा साल. जागा पुसा की नेवासा.

निसटतं का? कारण आपण मराठी अक्षर-अक्षर वाचत नाही, शब्दच्या शब्द उचलतो. म्हणून 'दडलेला', 'पोटात', 'मध्ये', 'यातला', 'काही भाग' अशी खूण दिसली की शब्दांचं तोंड आणि शेपूट बघायची सवय लावा. हे करून बघा: 'मैदान गरजले त्यात दडलेले शहर (३)'. 'मैदान'चं शेवटचं अक्षर घ्या, 'गरजले'ची पहिली दोन घ्या. नगर!

नेवाशाच्या शोधसूत्रात 'औषधी पाने वा साल' असं लिहिलं असतं तर वाक्य आणखी गोड झालं असतं. पण 'औषधी'तलं एकही अक्षर उत्तरात येत नाही. असा फुकटचा शब्द घालणं कडक रचनाकार टाळतात, आणि त्याचा फायदा आपल्याला होतो: शोधसूत्रातला प्रत्येक शब्द काही ना काही काम करतो, असं धरून चालता येतं.

## जोडाजोडी

घेऊन जा छपराचे लाकूड, तालुका प्रवराकाठचा (३)

घेऊन जा म्हणजे ने. छपराचं लाकूड म्हणजे वासा, तोच तो, घर फिरलं की फिरणारा. ने आणि वासा शेजारी ठेवले की झालं. शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा अर्थ द्यायचा आणि ते ओळीने मांडायचे. इंग्रजीत या प्रकाराला शराड म्हणतात.

इथे खूण नसली तरी चालते, तुकडे नुसते एकामागोमाग ठेवलेले असतात. म्हणून हा प्रकार ओळखायची युक्ती वेगळी आहे: ओळीत खूण सापडत नसेल तर जोडाजोडीचा संशय घ्या. नगर जिल्हा यासाठी फार सोयीचा आहे. शेवगावमध्ये फरसाणातली शेव आहे, कोपरगावमध्ये हाताचा सांधा आहे, संगमनेरची सुरुवात नद्यांच्या भेटीने होते. गावाच्या नावाची खरी व्युत्पत्ती काहीही असो, कोडेवाल्याला तिच्याशी देणंघेणं नसतं. शेवगावच्या मंडळींनी राग मानू नये.

## पोटात घेणं

साडी घाला शाबासकीभोवती, मिळेल प्रवराकाठचा तालुका (३)

साडी घाला याला मराठीत नेमका शब्द आहे: नेसा. शाबासकी म्हणजे वा! 'भोवती' ही खूण सांगते की पहिला शब्द दुसऱ्याला वेढतो. ने-सा च्या मध्ये वा शिरला की ने-वा-सा.

या प्रकारात खूण दोन बाजूंनी येऊ शकते. बाहेरच्याच्या बाजूने आली तर 'भोवती', 'गिळून', 'कवेत घेऊन', 'पोटात'. आतल्याच्या बाजूने आली तर 'शिरून', 'अडकून', 'मध्ये'. 'पोटात' आणि 'मध्ये' या खुणा लपाछपीतही येतात, तिथे घोळ होतो. फरक असा तपासा: उत्तर छापलेल्या अक्षरांत सलग सापडतंय का? सापडलं तर लपाछपी. नाही सापडलं तर दोन शब्द शोधा, एक बाहेरचा, एक आतला.

सहावी वाट पटकन सांगतो, कारण ती तशी सोपीच आहे: नेहमी वाडा साफ दर्शनी भागी, असा प्रवराकाठचा तालुका (३). 'दर्शनी भागी' म्हणजे प्रत्येक शब्दाचं तोंड, पहिलं अक्षर. ने, वा, सा.

## विभक्ती: मराठीतला खास सापळा

ही कोडी इंग्रजीतून आली. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं, ते सरळच होतं. त्याला हे गूढ वळण पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये लागलं. तिथे 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचत, आणि टोपणनाव म्हणून त्यांनी स्पॅनिश धर्मछळाचा प्रमुख टॉर्केमादा याचं नाव घेतलं होतं, यावरून सोडवणाऱ्यांचे हाल लक्षात यावेत. भारतात 'द हिंदू' १९७१ पासून इंग्रजी गूढ कोडं देतो आहे. मात्र इंग्रजीतले नियम मराठीवर जसेच्या तसे बसत नाहीत, आणि त्याचं मुख्य कारण विभक्ती.

इंग्रजीत शब्दाला काही जोडायचं तर आधी किंवा नंतर सुटा शब्द येतो. मराठीत प्रत्यय लागताना शब्दच बदलतो. 'वास'ला ने लागला की वासाने होतं, पण 'वासा'ला ने लागला की वाशाने. 'छपराच्या वाशाने अस्वस्थ' असं लिहून नेवासा मिळणार नाही, कारण त्यात सा नाहीच, शा आहे. दिसायला एका अक्षराचा फरक, पण उत्तर कोसळतं.

हीच अडचण व्याख्येलाही येते. हे शोधसूत्र बघा: 'घेऊन जा छपराचे लाकूड ज्ञानेश्वरीच्या गावी (३)'. वाचायला आधीच्यापेक्षा किती सहज आहे! वारीला निघालेल्या सुताराचं चित्र उभं राहतं. पण ते चुकीचं आहे. 'ज्ञानेश्वरीच्या गावी' याचं उत्तर 'नेवाशाला' किंवा 'नेवाशात' होईल, 'नेवासा' होणार नाही. व्याख्या ज्या रूपात आहे त्याच रूपात उत्तर हवं. नाम असेल तर नाम, क्रियापद असेल तर त्याच काळातलं क्रियापद.

सोडवणाऱ्याला यातून एक छुपी मदत मिळते. मराठी वाक्यात एखादा शब्द प्रत्ययाविना अवघडून उभा दिसला, जिथे तुम्ही बोलताना नक्की ला, ने किंवा त लावला असता, तर तो शब्द कच्चा माल असण्याची शक्यता जास्त. 'तालुका प्रवराकाठचा' हे तसंच किंचित अवघडलेलं होतं.

## दोन अर्थ आणि कानाचे खेळ

नेवाशाला न बसणारे दोन प्रकार उरतात. पहिल्यात अक्षरांचा खेळच नसतो, एकाच शब्दाच्या दोन व्याख्या शेजारी ठेवतात: 'नवरदेव माळ्यावर (२)'. उत्तर 'वर'. नवरदेव म्हणजे वर आणि माळ्यावर म्हणजेही वर. दोन-तीन शब्दांचं तुटक शोधसूत्र दिसलं की आधी हा प्रकार आठवा.

दुसरा प्रकार उच्चाराचा. इंग्रजीत एकसारखे ऐकू येणारे आणि वेगळे लिहिले जाणारे शब्द ढिगाने आहेत. मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्याने इथे माल कमी मिळतो, मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घाच्या फटीतून. 'ऐकायला दिवस, पण गरीब (२)'. दिन ऐकू येतं, पण व्याख्या 'गरीब' आहे, म्हणून लिहायचं 'दीन'. शुद्धलेखनात मार्क गेलेल्यांनी हा प्रकार शेवटी सोडवावा.

## एक शोधसूत्र सुरुवातीपासून

खऱ्या कोड्यात हे प्रकार एकत्रही येतात. हे घ्या:

उलट्या चांदणीच्या पोटात हा, शिर्डीचा तालुका (३)

आधी दोन्ही टोकं बघू. सुरुवातीची 'उलट्या चांदणीच्या' ही काही व्याख्या वाटत नाही. शेवटी 'शिर्डीचा तालुका' आहे, ती नेमकी व्याख्या दिसते. शिर्डी राहाता तालुक्यात येते हे ज्याला माहीत आहे त्याचं उत्तर तयारच आहे, पण थांबा, पुरावा हवा.

उरलं 'उलट्या चांदणीच्या पोटात हा'. यात दोन खुणा आहेत: 'उलट्या' आणि 'पोटात'. छापलेल्या अक्षरांत सलग तीन अक्षरांचं नाव सापडत नाही, म्हणजे लपाछपी नाही. बाहेरचा शब्द हवा. कंसात तीन आहे आणि 'हा' एक अक्षर, म्हणून बाहेरचा शब्द दोन अक्षरांचा. चांदणीला दोन अक्षरी शब्द: तारा. तो उलटा केला की राता. त्याच्या पोटात हा. रा-हा-ता.

या पुराव्याचा आणखी एक उपयोग झाला. या गावाचं नाव कुणी राहाता लिहितं, कुणी राहता. सरळ कोड्यात मधल्या घरात ह की हा, यावर घरात वाद झाला असता. इथे शोधसूत्रानेच 'हा' दिला आहे, त्यामुळे वाद मिटला. शिवाय 'तारा' थेट का लिहिला नाही, तेही दिसतं: 'च्या' लागताच त्याचा 'ताऱ्याच्या' झाला असता आणि अक्षरं हातची गेली असती. चांदणी हा समानार्थी वापरून रचणाऱ्याने विभक्तीचा सापळा चुकवला.

उत्तर सापडल्यावर हीच तपासणी करायची. शोधसूत्रातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, याचं काम काय? व्याख्या, कच्चा माल, खूण, किंवा सांधा. एखादा शब्द बिनकामाचा उरला तर दोनच शक्यता आहेत, उत्तर चुकलंय किंवा शोधसूत्र ढिलं आहे. सुरुवातीला पहिली शक्यताच धरा.

एक तुमच्यासाठी ठेवतो. प्रकार जोडाजोडीचा आहे आणि 'त' हे अक्षर जसंच्या तसं वापरायचं आहे:

बँकेचे देणे आणि शेवटी त. नगरलाही आहे, रायगडलाही (३)